नवीन फोन घेतला, पण प्रिंटर, स्कॅनर, इअरबड्स जोडले जात नाहीत? ब्लूटूथचं गणित समजून घ्या



मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट सांगतो. दुकानाचा फोन चार वर्षं जुना झाला होता, बिलिंग ॲप अडकायला लागलं होतं. म्हणून रविवारी संध्याकाळी नवीन फोन आणला, दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि सगळा डेटा इकडून तिकडे घेतला. कॉन्टॅक्ट आले, फोटो आले, व्हॉट्सॲप आलं, बिलिंग ॲपमध्ये लॉगिन करताच सगळा स्टॉक दिसला. मी निवांत झोपलो. जुना फोन धाकट्या भावाला देऊन टाकला. तो दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहतो.

सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. स्कॅनरने बारकोड मारला, स्कॅनर 'बीप' वाजला, पण ॲपमध्ये काहीच आलं नाही. परत मारला, परत बीप, परत काही नाही. पाचव्या मिनिटाला वरून भावाचा आवाज आला, "अरे दादा, माझ्या व्हॉट्सॲपमध्ये आपोआप ८९० ने सुरू होणारे आकडे टाइप होतायत, मोबाईल हॅक झालाय का?" मोबाईल हॅक झाला नव्हता. स्कॅनर जुन्या फोनला ओळखत होता, जुना फोन डोक्यावर दहा फुटांवर होता, त्याचं ब्लूटूथ चालू होतं. स्कॅनरने त्याचं काम इमानदारीने केलं, फक्त आकडे चुकीच्या घरी पोचवले. प्रिंटरची वेगळीच तऱ्हा, बिल छापायचं म्हटलं की ॲप म्हणे प्रिंटर निवडलेलाच नाही. तोपर्यंत काउंटरवर चार माणसं उभी.

व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी हाच प्रश्न विचारलाय, म्हणून आज सविस्तर लिहितोय. फोन बदलल्यावर जुन्या जोडण्यांचं नक्की काय होतं, आणि दुकान उघडायच्या आधी सगळं परत कसं जोडायचं.

जोडणी म्हणजे नक्की काय साठवलं जातं?

आपण 'पेअर' करतो तेव्हा फोन आणि प्रिंटर यांच्यात एक गुप्त किल्ली तयार होते. ती किल्ली दोन ठिकाणी ठेवली जाते, एक प्रत फोनमध्ये आणि एक प्रत प्रिंटरमध्ये. शिवाय दोघंही एकमेकांचा पत्ता लिहून ठेवतात. हा पत्ता म्हणजे प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाचा स्वतःचा नंबर, दोन-दोन अक्षरांचे सहा गट असलेला. पुढच्या वेळी जवळ आले की पत्ता ओळखायचा, किल्ली जुळवायची आणि जोडणी चालू. म्हणूनच रोज रोज पिन टाकावा लागत नाही.

आता नवीन फोन घेतला की दोन गोष्टी होतात. एक, नवीन फोनचा पत्ता वेगळा आहे, त्यामुळे प्रिंटरच्या दृष्टीने तो अनोळखी माणूस. दोन, किल्ली फोनच्या आतल्या सुरक्षित भागात असते, आणि ती नेहमीच्या बॅकअपमध्ये येत नाही. ती आली असती तर तुमचा बॅकअप ज्याच्या हाती लागला त्याच्याकडे तुमच्या सगळ्या उपकरणांच्या किल्ल्या गेल्या असत्या.

म्हणजे डेटा ट्रान्सफर नीट झाला नाही म्हणून हे होत नाही. दुकानाच्या कुलपाची किल्ली नवीन माणसाला द्यायची तर नवीन करूनच द्यावी लागते, तसंच हे.

थोडेफार अपवाद आहेत

काही इअरबड्स आणि हेडफोन अँड्रॉइडच्या 'फास्ट पेअर' सोयीचे असतात. अशा उपकरणाची नोंद तुमच्या गुगल खात्याशी ठेवलेली असते. नवीन फोनवर तेच खातं असेल आणि तुम्ही इअरबड्स जवळ उघडले, तर स्क्रीनवर जोडायचं का असं विचारणारा निरोप येतो. एक टॅप केला की झालं. ॲपलचे एअरपॉड्स त्याच ॲपल खात्याच्या नवीन आयफोनवर आपोआप दिसतात.

पण दुकानातला थर्मल प्रिंटर, बारकोड स्कॅनर, साधा स्पीकर यांना कुठल्याही खात्याची माहिती नसते. ते हातानेच जोडायचे. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, काउंटरवरचा यूपीआयचा साउंडबॉक्स या यादीत धरू नका. बहुतेक साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं आणि तो मोबाईल नेटवर्कवर चालतो. फोन बदलल्याने तो बंद पडत नाही. तसंच काही स्कॅनरबरोबर यूएसबीमध्ये लावायचा छोटा रिसीव्हर येतो. तो वापरत असाल तर तो ब्लूटूथवर चालत नाही, त्याला फोनशी पेअर करायची गरजच नाही.

आदल्या दिवशी करायची कामं

यातलं महत्त्वाचं काम जुना फोन हातात असतानाच होतं. म्हणून जुना फोन एक्सचेंजमध्ये देण्याआधी किंवा घरातल्या कोणाला देण्याआधी एक अर्धा तास काढा.

पहिलं, जुन्या फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जा आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीचा स्क्रीनशॉट काढा. महिन्यातून एकदाच लागणारी वस्तू असते, आपण विसरतो, आणि ती लागते नेमकी गर्दीच्या दिवशी.

दुसरं, बिलिंग ॲपमध्ये प्रिंटरची सेटिंग उघडा आणि तिचाही स्क्रीनशॉट काढा. कागदाची रुंदी ५८ मिमी आहे की ८० मिमी, अक्षरांचा आकार काय, बिलाखाली काय मजकूर येतो, हे सगळं त्यात दिसेल. बऱ्याच ॲपमध्ये स्टॉक आणि ग्राहक ऑनलाइन साठवले जातात, पण प्रिंटरची निवड फक्त त्या फोनमध्ये असते. माझं सोमवारी तेच झालं.

तिसरं, घड्याळ वापरत असाल तर ते जुन्या फोनमधल्या त्याच्या ॲपमधूनच वेगळं करा. बरीच स्मार्ट घड्याळं एका वेळी एकाच फोनला बांधलेली असतात, जुना फोन गेला की घड्याळ रिसेट करण्याशिवाय मार्ग राहत नाही. वेगळं करण्याआधी एकदा सिंक करून घ्या, कारण वेगळं करताना बऱ्याचदा घड्याळातला डेटा पुसला जातो.

चौथं, आणि हे मी केलं नव्हतं. जुन्या फोनमध्ये प्रत्येक उपकरणासमोर जाऊन Forget करा. आयफोनवर हाच पर्याय Forget This Device असा दिसतो. असं केलं की जुन्या फोनकडची किल्ली जाते, आणि तो फोन वरच्या मजल्यावर असो की शेजारच्या दुकानात, स्कॅनर त्याला जाऊन चिकटत नाही.

आधी प्रिंटर जोडा

माझ्याकडे ५८ मिमीचा, बॅटरीवर चालणारा छोटा थर्मल प्रिंटर आहे, तुमच्यापैकी बहुतेकांकडे असाच असेल. त्याच्यावरच पायऱ्या सांगतो.

आधी जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. मग प्रिंटर बंद करा. कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून प्रिंटर चालू करा. बहुतेक छोट्या प्रिंटरमधून एक चाचणीची चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर प्रिंटरचं ब्लूटूथ नाव असतं, बऱ्याचदा पत्ता आणि पिनही छापलेला असतो. ही चिठ्ठी फेकू नका, तिचा फोटो काढा. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत फिकी पडतात.

आता नवीन फोनवर ब्लूटूथ सेटिंगमध्ये नवीन उपकरण शोधा. चिठ्ठीवरचं नाव यादीत दिसलं की त्यावर टॅप करा. पिन मागितला तर चिठ्ठीवरचा टाका. चिठ्ठीवर नसेल तर साध्या प्रिंटरमध्ये तो बहुतेक वेळा 0000 किंवा 1234 असतो.

इथे बरेच जण घाबरतात. पेअर झाल्यावर प्रिंटरच्या नावाखाली 'जोडलेलं आहे' असं दिसत नाही, तो नुसता सेव्ह केलेल्या यादीत पडून राहतो. मग लोक परत Forget करतात, परत पेअर करतात, तासभर हेच चालू. मित्रांनो, या प्रिंटरच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. इअरबड्स कायम जोडलेले राहतात, पण हा प्रिंटर ॲपने छापायचा हुकूम दिला तेवढ्यापुरताच जोडला जातो. सेटिंगमध्ये नाव यादीत आलं की तुमचं तिथलं काम संपलं.

पुढचं काम बिलिंग ॲपमध्ये. नवीन फोनवर ॲपला परवानगी हवी. अँड्रॉइड १२ पासून पुढे Nearby devices नावाची परवानगी असते. ॲपने ती मागितली आणि तुम्ही घाईत नाही म्हणालात, तर ॲपला प्रिंटर दिसणारच नाही, सेटिंगमध्ये कितीही दिसला तरी. फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, मग तुमचं बिलिंग ॲप, मग परवानग्या असं जाऊन ती द्या. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा फोन असेल तर नवीन उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागते. मग ॲपमध्ये प्रिंटर निवडा, कागदाची रुंदी स्क्रीनशॉटमध्ये होती तीच ठेवा आणि एक चाचणी बिल काढा. बिलाची उजवी बाजू कापली जात असेल किंवा रकमा खालच्या ओळीत उडी मारत असतील, तर जोडणी ठीक आहे, रुंदी चुकली आहे. ८० ऐवजी ५८ करा.

दोन काउंटरवर एकाच कंपनीचे दोन प्रिंटर असतील तर दोघांचं नाव एकच दिसेल. अशा वेळी चिठ्ठीवरच्या पत्त्याचे शेवटचे चार अंक-अक्षरं बघा आणि प्रिंटरच्या पोटावर स्टिकर लावून लिहून ठेवा. नाहीतर बिल इथे आणि छपाई तिथे.

आणि एक इशारा. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असाल तर फोन घेण्याआधी प्रिंटरचा खोका बघा. स्वस्तातले बरेच प्रिंटर जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात, आणि आयफोन त्या पद्धतीने अशा प्रिंटरशी बोलत नाही. खोक्यावर आयओएस लिहिलेलं असेल तरच पुढे जा, आणि तुमचं बिलिंग ॲप आयफोनवर तोच प्रिंटर चालवतं का हेही विचारून घ्या. नाहीतर फोनबरोबर प्रिंटरचाही खर्च धरा.

मग स्कॅनर

ब्लूटूथ स्कॅनर फोनला स्वतःची ओळख 'मी कीबोर्ड आहे' अशी करून देतो. म्हणूनच भावाच्या चॅटमध्ये आकडे टाइप होत होते. कर्सर जिथे असेल तिथे तो लिहितो.

नुसता चालू केलेला स्कॅनर नवीन फोनच्या यादीत दिसत नाही. चालू असणं वेगळं आणि नवीन ओळख करून घ्यायला तयार असणं वेगळं. चालू केल्यावर तो आधी जुन्या ओळखीच्याला शोधतो. त्याला नवीन ओळखीच्या अवस्थेत, म्हणजे पेअरिंग मोडमध्ये आणावं लागतं. बऱ्याच स्कॅनरमध्ये त्यासाठी बरोबर आलेल्या पुस्तिकेतला एक खास बारकोड स्कॅन करायचा असतो. काहींमध्ये बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. दिवा भराभर लुकलुकायला लागला की तो तयार आहे. त्या पुस्तिकेच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा, ऐनवेळी पुस्तिका सापडत नाही.

जोडल्यावर आधी बिलिंग ॲपमध्ये तपासू नका. नोट्सचं ॲप उघडा, कर्सर आत ठेवा आणि एक बिस्किटचा पुडा स्कॅन करा. आकडे आले तर जोडणी झाली. मग ॲपमध्ये आले नाहीत तर दोष ॲपच्या सेटिंगमध्ये शोधायचा, ब्लूटूथमध्ये नाही. अशी विभागणी केली की निम्मा वेळ वाचतो.

अजून एक गंमत होते. स्कॅनर जोडला की काही फोनवर स्क्रीनवरचा कीबोर्ड येणंच बंद होतं, कारण फोनला वाटतं खरा कीबोर्ड आलाय. गिऱ्हाइकाचं नाव टाइप करता येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये 'फिजिकल कीबोर्ड' शोधा आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड दाखवायचा पर्याय चालू करा.

इअरबड्स आणि स्पीकर

यांच्यात एकच भानगड जास्त होते, ते जुन्या फोनला आधीच जोडलेले असतात. एका वेळी एकाच फोनशी बोलणारं उपकरण कोणाशी तरी बोलत असेल तर नवीन फोनला ते दिसत नाही. म्हणून जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद, मग उपकरण पेअरिंग मोडमध्ये, मग नवीन फोनवर शोध, हाच क्रम ठेवा.

जोडल्यावर आवाज येतो पण फोन उचलल्यावर बोलणं इअरबड्समधून येत नाही, असं झालं तर त्या उपकरणाच्या नावासमोरच्या सेटिंगमध्ये कॉलचा पर्याय बंद आहे का ते बघा. गाणी आणि कॉल यांची बटणं तिथे वेगवेगळी असतात.

अडकलं तर कसं ओळखायचं?

सगळं करूनही जमलं नाही तर लक्षणावरून कारण शोधा.

उपकरण यादीत दिसतच नाही: ते दुसऱ्या कुठल्यातरी फोनला जोडलेलं आहे किंवा पेअरिंग मोडमध्ये नाही. घरातले, दुकानातल्या पोरांचे फोन, सगळ्यांचं ब्लूटूथ पाच मिनिटं बंद करून बघा.

यादीत दिसतं, पण पिन किंवा पासकी चुकीची आहे असा निरोप येतो: पिन खरंच चुकला असेल, किंवा किल्ली एका बाजूला पुसली गेली आणि दुसऱ्या बाजूला जुनीच राहिली. अशा वेळी अर्धवट काही करू नका. फोनमध्ये Forget करा, उपकरण पुस्तिकेप्रमाणे रिसेट करा आणि पहिल्यापासून सुरू करा. दोन्ही बाजूंनी पाटी कोरी झाली की किल्ली नव्याने बनते.

पेअर झालं, पण ॲपला दिसत नाही: परवानगी. दहातल्या नऊ वेळा मी इथेच चूक पकडली आहे.

काल चालत होतं, आज सगळीच उपकरणं गायब: कोणीतरी नेट चालत नाही म्हणून फोनमध्ये नेटवर्कची किंवा वाय-फाय-ब्लूटूथची सेटिंग रिसेट केली का विचारा. त्या रिसेटमध्ये जोडण्याही पुसल्या जातात. फोन नवीन नसला तरी तुमची सुरुवात परत शून्यापासून.

जुना फोन हातातून गेल्यावर

जुना फोन विकताना किंवा एक्सचेंजमध्ये देताना फॅक्टरी रिसेट केला की त्यातल्या किल्ल्या जातात, तिथे काळजी नाही. खरी अडचण रिसेट न करता घरातच फिरणाऱ्या फोनची असते. आणि त्याहून मोठी म्हणजे काम सोडून गेलेल्या पोराच्या फोनची. त्याच्या स्वतःच्या फोनवर तुमचा प्रिंटर जोडलेला असेल, तर तो दुकानासमोर उभा राहूनही त्यावर छापू शकतो. तुमच्या दुकानाच्या प्रिंटरवरून निघालेली पावती कोणी आणून दाखवली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार. अशा वेळी त्याचा फोन मिळणार नाही, मग उपकरणाच्या बाजूने किल्ली पुसा. म्हणजे प्रिंटर रिसेट करा, पिन बदलायची सोय असेल तर 0000 सोडून दुसरा ठेवा, आणि तुमचा फोन परत जोडा.

माझी त्या सोमवारची सकाळ पाऊण तास वाया गेली, दोन गिऱ्हाइकं कागदावर लिहिलेलं बिल घेऊन गेली आणि एक जण तसाच निघून गेला. त्यानंतर दुकानात एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर प्रत्येक उपकरणाचं नाव, पत्त्याचे शेवटचे चार अंक-अक्षरं, पिन, आणि पेअरिंग मोडमध्ये कसं आणायचं ते एका ओळीत. परवा बायकोने तिचा फोन बदलला, तिने ती वही बघून सगळं वीस मिनिटांत जोडलं, मला हाकसुद्धा मारली नाही.

तुमच्याकडे फोन बदलताना कुठलं उपकरण अडलं ते कमेंटमध्ये लिहा, मॉडेलचं नाव आणि स्क्रीनवर आलेला निरोप जसाच्या तसा टाका म्हणजे उत्तर देता येईल. पुढच्या व्हिडिओत एकाच प्रिंटरवर दोन फोनवरून बिलं कशी काढायची ते प्रत्यक्ष करून दाखवतो. भेटूया!